यूट्यूब चॅनल कायमचं बंद झाल्यावर नवीन चॅनल का टिकत नाही, आणि परत यायचा सरळ रस्ता कोणता

प्रश्न: "मानेवाडा, नागपूर. माझं पोलीस भरतीचं यूट्यूब चॅनल होतं, ३१ हजार सबस्क्रायबर. १० जूनला मेल आला, चॅनल कायमचं बंद, कारण Spam, deceptive practices and scams. फसवणूक वगैरे मी काहीच केली नाही, व्हिडिओ सगळे माझेच. दुसऱ्या जीमेलवर नवीन चॅनल काढलं, चौथ्या दिवशी उडालं. मग वहिनीच्या मोबाइलवरून तिच्या नावानं काढलं, ते तर सहा तासांत गेलं. काहून असं होऊन राहिलं? वर्णनात फक्त नोट्सच्या पीडीएफची शॉर्ट लिंक असायची. नवीन चॅनल टिकवायचं कसं?"

भाऊ, चौथं चॅनल काढू नका. जुनं जीमेल खातं तर अजिबात डिलीट करू नका. तुमचा परतीचा रस्ता त्याच खात्यातून जातो. या दोन गोष्टी आज पाळा, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

यूट्यूबच्या नियमानुसार एकदा चॅनल कायमचं बंद केलं की त्या माणसाला दुसरं कुठलंही चॅनल वापरता येत नाही, स्वतःकडे ठेवता येत नाही आणि नवीन काढताही येत नाही. बंदी उठेपर्यंत हे लागू राहतं. लायसन्स रद्द झालेल्या माणसानं दुसरी गाडी विकत घेतली म्हणून त्याला ती चालवता येत नाही, तसंच हे आहे. म्हणून तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चॅनलवर काय टाकलं होतं, ते चांगलं होतं की वाईट, हा प्रश्नच तिथे आला नाही. त्या दोन चॅनलचे मेल उघडून बघा. पहिल्या मेलमधलं कारण त्यांत बहुतेक नसेल, circumvention हा शब्द असेल. बंदीला वळसा घातला, एवढंच तुमच्याविरुद्धचं कारण. त्यामुळे त्या दोन चॅनलसाठी अपील करण्यात अर्थ नाही. नियमाप्रमाणे ती बंद होणारच होती. दाद मागायची ती फक्त १० जूनच्या निर्णयाविरुद्ध.

आता ओळखलं कसं, ते बघू. कोणत्या खुणा जुळवतो याची पूर्ण यादी यूट्यूब जाहीर करत नाही, आणि एकाच खुणेवर निर्णय होतो असंही समजू नका. पण एका माणसाची दोन चॅनल कुठेकुठे एकमेकांना चिकटतात, हे काम करणाऱ्याला दिसतं. नवीन जीमेल काढताना रिकव्हरीसाठी नंबर दिला जातो, तो बहुतेकदा जुनाच असतो. पंधरा मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ टाकायचा किंवा स्वतःचा थंबनेल लावायचा तर फोन नंबरची पडताळणी लागते. एका नंबरवर वर्षाला दोनच चॅनल पडताळता येतात, म्हणजे नंबरांची नोंद ठेवली जाते हे उघडच आहे. ज्या मोबाइलवर, ज्या ब्राउझरमध्ये जुनं खातं रोज उघडत होतं, तिथेच नवीन खातंही उघडलेलं असतं. घरचं वायफाय तेच. पुढे व्हिडिओची फाइल. बंद झालेल्या चॅनलवरचाच व्हिडिओ पुन्हा चढवला तर नाव आणि थंबनेल बदलून फरक पडत नाही, कारण चित्र आणि आवाज तोच राहतो, आणि तोच व्हिडिओ पुन्हा आला हे ओळखणारी यंत्रणा यूट्यूबकडे बऱ्याच वर्षांपासून आहे. वर चॅनलचं नाव, लोगो, वर्णनातली टेलिग्रामची लिंक हे सगळं जुनंच, कारण विद्यार्थ्यांनी ओळखावं अशी तुमची इच्छा असते. विद्यार्थी ज्या खुणेनं ओळखतात, त्याच खुणेनं यंत्रणाही ओळखते.

दुसरं चॅनल चार दिवस चाललं आणि तिसरं सहा तासांत गेलं, याचं कारणही यातच आहे. दुसरं चॅनल पकडलं गेलं तेव्हा त्याच्याही खुणा जुन्या नोंदीला जोडल्या गेल्या. तिसऱ्या वेळी जुळवायला दोन चॅनलचा माल हाताशी होता. शिवाय तिसरं चॅनल काढताना माणूस घाईत असतो. एका संध्याकाळी पंचवीस-तीस जुने व्हिडिओ चढवायचे, सगळ्यांना तेच वर्णन लावायचं आणि लगेच ग्रुपवर "जुनं चॅनल गेलं, इकडे या" असा मेसेज टाकायचा, हे बहुतेक जण करतात. कालच जन्मलेलं चॅनल, एकसारख्या व्हिडिओंचा लोंढा आणि बाहेरून एकदम आलेली गर्दी, हे स्पॅम चॅनलचं नेहमीचं रूप आहे. तुम्ही कोण हे कळलं नसतं तरी असं चॅनल तपासणीत अडकलंच असतं. तुम्ही हे सगळं केलं की नाही ते प्रश्नात लिहिलेलं नाही. केलं असेल तर सहा तासांचं कोडं इथेच सुटतं.

मग नंबर, मोबाइल, नाव सगळंच बदललं तर, हा प्रश्न मनात येतोच. समजा चॅनल दोन महिने टिकलं. कमाईसाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम पुरा केला. मग भागीदार कार्यक्रमाचा अर्ज आला, त्यात चॅनल पुन्हा तपासलं जातं. पुढे अ‍ॅडसेन्स. एका माणसाला अ‍ॅडसेन्सचं एकच खातं ठेवता येतं, आणि तिथे नाव, पत्ता, बँक खातं, करासाठी पॅन हे सगळं खरं द्यावं लागतं. तुमचं जुनं अ‍ॅडसेन्स जुन्या चॅनलला जोडलेलं होतं. म्हणजे जेव्हा पैसे दिसू लागतात नेमकं तेव्हा चॅनल जातं, आणि मधल्या काळाची मेहनत पुन्हा शून्य होते. दुसऱ्याच्या पॅनवर पैसे घ्यायचे ठरवलं तर ते उत्पन्न त्या माणसाच्या नावावर चढतं आणि त्याचा कर त्यालाच भरावा लागतो. टेलिग्रामवर "व्हेरिफाइड चॅनल विकणे आहे" आणि "चालू सिम मिळेल" अशा जाहिराती फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फसवून किंवा दुसऱ्याच्या नावानं सिम मिळवणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुम्ही पोलीस भरतीची मुलं घडवता. भरतीत चारित्र्य पडताळणी असते हे तुम्हीच त्यांना शिकवत असाल. ग्रुपमधल्या एखाद्या मुलानं सरांसाठी म्हणून स्वतःचं सिम किंवा कागदपत्रं दिली तर ती जोखीम त्याच्या वर्दीवर येते.

आता मूळ निर्णयाकडे वळू. तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शॉर्ट लिंकचं वाटतं. व्हिडिओ तुमचे, शिकवणं तुमचं, तरी कारण स्पॅमचं कसं? कारण या नियमात फक्त व्हिडिओ येत नाही, वर्णनात, कमेंटमध्ये आणि बोलण्यातून दिलेली लिंकही येते. "इथे नोट्स मिळतील" असं सांगून प्रेक्षकाला भलत्याच ठिकाणी नेणं, किंवा वैयक्तिक माहिती उकळणाऱ्या आणि घातक सॉफ्टवेअर देणाऱ्या साइटवर पाठवणं हे त्यात स्पष्ट धरलेलं आहे. लिंक टाकताना ती चांगली होती, हा बचाव यंत्रणेला दिसत नाही. आज ती कुठे जाते, एवढंच तिला दिसतं.

फुकट शॉर्ट लिंक देणाऱ्या बऱ्याच साइट मधल्या पानावर जाहिराती दाखवून पैसे कमावतात. काही काळानं ती साइट विकली जाते, किंवा डोमेनचं नूतनीकरण राहून जातं आणि दुसराच कोणी ते घेतो. मग तुमच्या दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओखालची "महाराष्ट्राचा भूगोल नोट्स" ही लिंक एके दिवशी सट्ट्याच्या अ‍ॅपवर जाऊन पडते. तुमच्याकडे दोनशे व्हिडिओ असतील आणि प्रत्येकाखाली तीच लिंक असेल, तर एका दिवसात दोनशे जागी उल्लंघन तयार होतं. सट्ट्याच्या बाबतीत यूट्यूबनं मार्च २०२५ पासून नियम आणखी कडक केले आहेत, आणि आपल्याकडे त्याच वर्षी पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला. त्यामुळे यात सूट मिळेल अशी आशा धरू नका. चूक कशी झाली हे मात्र दाखवता येतं.

हे तुमच्याच बाबतीत घडलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, तपासून बघायचं. जुनी वर्णनं आता स्टुडिओत दिसणार नाहीत, पण तुम्ही ती कुठूनतरी कॉपी करून चिकटवत असाल. मोबाइलमधल्या नोट्स, वर्डची फाइल, टेलिग्रामवरच्या जुन्या पोस्ट बघा. त्याच जीमेलमधून takeout.google.com वर यूट्यूबचा डेटा मागून बघा, मिळेलच असं नाही, पण मिळाला तर काम सोपं होतं. लिंक सापडली की ती गुप्त विंडोमध्ये उघडा, कुठल्याही खात्यात लॉगइन न करता. एकदा संगणकावर आणि एकदा मोबाइलच्या डेटावर, कारण अशा साइट मोबाइलवाल्याला वेगळीकडे आणि संगणकवाल्याला वेगळीकडे पाठवतात. उघडलेल्या पानावर काहीही दाबू नका, काही डाउनलोड करू नका. पत्त्याची पट्टी आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. संगणकाची सवय असलेला मित्र असेल तर पान न उघडताही लिंक कुठेकुठे वळते ते बघता येतं:

```
curl -sIL "https://short.example/abc" | grep -iE "^(HTTP|location)"
```

अवतरणातल्या पत्त्याच्या जागी तुमची लिंक टाका. प्रत्येक location ओळ म्हणजे एक वळण. शेवटचं वळण तुमच्या ड्राइव्हच्या पीडीएफवर जात नसेल तर कारण बहुतेक हातात आलं. पानाच्या आतल्या स्क्रिप्टनं होणारं वळण यात दिसत नाही, म्हणून ब्राउझरची तपासणी टाळू नका.

लिंक अगदी स्वच्छ निघाली तर? मग त्याच नियमातल्या बाकीच्या गोष्टी प्रामाणिकपणे आठवा. "हमखास निवड" म्हणून पैसे घेणारी बॅच, भरतीची जाहिरात निघालीच नसताना "जाहिरात आली" असं शीर्षक, तोच व्हिडिओ जिल्ह्याचं नाव बदलून छत्तीस वेळा टाकणं, सबस्क्रायबरची अदलाबदल. शेवटची दोन भरतीच्या चॅनलवर सर्रास चालतात, म्हणून ती चालतात असं लोकांना वाटतं. आणि १० जूनच्या आधीच्या आठवड्यात खात्यात कोणी घुसलं होतं का, तेही गुगल खात्याच्या सुरक्षा पानावर बघा. अनोळखी उपकरण दिसलं तर आधी पासवर्ड आणि द्विस्तरीय पडताळणी, मगच अपील. तसं असेल तर अपीलाचा मजकूरही वेगळा लागेल.

अपील संगणकावरून करा. ज्या खात्याचं चॅनल बंद झालं त्याच खात्यातून studio.youtube.com उघडा, तिथे Start appeal दिसेल. बंद केल्याच्या तारखेपासून एक वर्षाची मुदत असते, म्हणजे तुम्हाला पुढच्या जूनपर्यंत वेळ आहे. तेव्हा आजच रात्री रागाच्या भरात भरू नका. नाकारल्यावर तोच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवून निर्णय फिरत नाही, म्हणून पहिलं अपील हेच खरं अपील समजा आणि लिंकची तपासणी पूर्ण झाल्यावरच पाठवा.

मजकूर छोटा ठेवा. वाचणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: नेमकं काय घडलं, ते तुम्ही कसं शोधलं, आणि चॅनल परत दिलं तर पहिल्या दिवशी काय कराल. तुमच्यासाठी तो साधारण असा होईल:

"माझं चॅनल महाराष्ट्र पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेच्या आणि मैदानी चाचणीच्या तयारीचं आहे. सगळे व्हिडिओ मी स्वतः तयार केलेले आहेत. माझ्या सुमारे २०० व्हिडिओंच्या वर्णनात नोट्ससाठी अमुक सेवेची शॉर्ट लिंक होती. २० जूनला तपासल्यावर ती लिंक पीडीएफऐवजी सट्ट्याच्या साइटवर जाते असं आढळलं. ती साइट माझी नाही आणि तिच्याकडून मला पैसे मिळालेले नाहीत. चॅनल सुरू झाल्यास सगळ्या वर्णनांतून ही लिंक मी काढून टाकीन आणि यापुढे फक्त ड्राइव्हची थेट लिंक देईन. चॅनल बंद झाल्यानंतर नियम माहीत नसल्याने मी दोन नवीन चॅनल काढली होती. ती बंद झाली आहेत आणि आणखी काढणार नाही."

यातलं प्रत्येक वाक्य तुमच्या बाबतीत खरं असेल तरच ठेवा. "पैसे मिळालेले नाहीत" हे विशेषतः. काही शॉर्ट लिंकवाले क्लिकमागे पैसे देतात. तसे घेतले असतील तर ते लिहा आणि खातं बंद केल्याचं सांगा. शेवटची दोन वाक्यं बरेच जण गाळतात. ती ठेवावीत असं माझं मत आहे, कारण ती दोन चॅनल त्यांच्या नोंदीत आहेतच आणि तुम्ही गप्प राहिलात तर बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास जातो. पाच वर्षांची मेहनत, मुलांचं भविष्य, कोर्टात जाईन हे सगळं बाहेर ठेवा. खरं असलं तरी अपील तपासणाऱ्याला त्यातून नियमाबद्दल काही कळत नाही.

एक अपवाद इथेच सांगतो, कारण हे उत्तर दुसरंही कोणी वाचेल. चॅनल कॉपीराइटच्या तीन स्ट्राइकमुळे गेलं असेल तर हा फॉर्म कामाचा नाही. तिथे ज्यानं तक्रार केली त्याच्याकडून ती मागे घ्यायला लावणं किंवा काउंटर नोटिफिकेशन देणं हे रस्ते आहेत. दुसरा मार्ग कायदेशीर स्वरूपाचा आहे, नाव-पत्त्यासह शपथपूर्वक विधान करावं लागतं, म्हणून हक्क खरोखर आपला असेल तरच तो घ्यावा.

अपील नाकारलं गेलं तर भारतात आणखी एक पायरी आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. यूट्यूबच्या भारतासाठीच्या तक्रार पानावर त्याचा पत्ता आणि तक्रार करायची पद्धत दिलेली असते. मूळ नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत असं होतं. नियमांत दुरुस्त्या होत राहतात, तेव्हा तक्रार कराल त्या दिवशीची मुदत पाहून घ्या. तक्रारीत चॅनलची लिंक, बंद केल्याचा मेल, अपीलाचा मजकूर, नकाराचा मेल आणि लिंकचे स्क्रीनशॉट जोडा. मागणी एकाच ओळीत करा: निर्णयाचं माणसाकडून पुनरावलोकन व्हावं आणि कोणत्या व्हिडिओमुळे किंवा लिंकमुळे कारवाई झाली ते कळवावं.

या अधिकाऱ्याचं उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. ही केंद्र सरकारची समिती आहे, २०२२ च्या दुरुस्तीनं आली आणि मार्च २०२३ पासून gac.gov.in वर काम करते. सगळं ऑनलाइन आहे, दिल्लीला जावं लागत नाही, आणि समितीनं शक्यतो ३० दिवसांत निकाल द्यावा असं नियम म्हणतो. लोक इथे हमखास एक घोळ करतात: यूट्यूब स्टुडिओतल्या अपीलाचा नकार घेऊन सरळ समितीकडे जातात. समितीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं उत्तर लागतं, स्टुडिओतलं नाही. दोन्ही मेल वेगळे जपून ठेवा आणि ३० दिवस अधिकाऱ्याच्या उत्तरापासून मोजा. समितीचा आदेश कंपनीला पाळावा लागतो, पण समिती तुमच्या बाजूनं निकाल देईलच असं नाही. तुमची लिंक खरंच सट्ट्याकडे जात होती तर कंपनी तेच पुढे करेल, आणि तेव्हा तुमच्या स्क्रीनशॉटच्या तारखा, डोमेन कधी हातातून गेलं, तुम्ही कधी शोधलं यावर सगळं तोललं जाईल. यापुढे सिव्हिल लाइन्सला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जाणं हा पर्याय उरतो खरा, पण खासगी कंपनीच्या कराराचा वाद तिथे किती टिकेल हे वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय खर्चात पडू नका.

आणि समजा हे सगळं करूनही दार उघडलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूट्यूबनं बंद झालेल्या काही चॅनलवाल्यांना नवीन चॅनलची परवानगी मागायची सोय सुरू केली. चॅनल बंद होऊन एक वर्ष झाल्यावरच ती लागू होते. पात्र असाल तर त्याच जुन्या खात्यानं संगणकावर स्टुडिओ उघडल्यावर नवीन चॅनल मागायचा पर्याय दिसतो. सुरुवातीला म्हटलं की जुनं जीमेल डिलीट करू नका, ते यासाठीही. ज्यांनी खातंच काढून टाकलं त्यांना हा पर्याय दिसत नाही. कॉपीराइटमुळे गेलेल्यांना आणि क्रिएटर म्हणून जबाबदारीचे नियम मोडलेल्यांना ही सोय नाही. तुमचं कारण त्यात बसत नाही, ही जमेची बाजू. मात्र अर्ज बघताना उल्लंघन किती गंभीर होतं आणि किती वेळा झालं हे पाहिलं जातं. दर महिन्याला एक नवीन चॅनल काढणारा माणूस तिथे कसा दिसेल ते तुम्हीच ठरवा. तुमची दोन झालीत. इथे थांबलात तर ती घाईतली चूक म्हणून मांडता येते. परवानगी मिळाली तर चॅनल कोरं असतं, जुने ३१ हजार परत येत नाहीत, कमाईसाठी पुन्हा पात्र व्हावं लागतं. जुने व्हिडिओ आजच्या नियमांत बसत असतील तर पुन्हा टाकता येतात. म्हणून मूळ फाइली हार्ड डिस्कवर आजच एकत्र करा. अपील जिंकलात तर मात्र सगळं जुनं परत मिळतं, म्हणून क्रम अपीलापासूनच.

वर्षभर हात बांधून बसायचीही गरज नाही. यूट्यूबची बंदी यूट्यूबपुरती आहे. तुमचा टेलिग्राम ग्रुप, स्वतःची वेबसाइट, दुसऱ्या ठिकाणची खाती चालू ठेवायला कोणाची आडकाठी नाही, आणि सकाळी मैदानावर १६०० मीटरची बॅच घ्यायला तर नाहीच. फक्त लिंक कुठेही द्या, थेट द्या. शॉर्ट लिंकचा तोच माल टेलिग्रामवर चालू राहिला तर उद्या तिकडेही हाच प्रश्न येईल.

दुसऱ्याच्या चॅनलवर शिकवायचं का, हे परिस्थितीवर ठरतं. सीताबर्डीतल्या एखाद्या अकादमीचं स्वतःचं, आधीपासून चालणारं चॅनल असेल, चार-पाच शिक्षक असतील, चॅनलचा ताबा आणि पैसा अकादमीकडे असेल आणि तुम्ही पगारावर गणित घेत असाल, तर तो तुमच्या जुन्या चॅनलचा नवा अवतार ठरू नये. तेच चॅनल मित्राच्या नावावर असेल पण रोज तुमचेच व्हिडिओ, तुमचाच लोगो आणि पैसे तुमच्याकडे, तर तो वळसाच आहे आणि मित्राचं चॅनल जाईल. मधली रेषा फार ठळक नाही. म्हणून अकादमीला आधीच सगळं खरं सांगा, आणि त्यांच्या चॅनलचा मॅनेजर किंवा एडिटर म्हणून स्वतःचं जुनं किंवा नवं कुठलंही खातं जोडून घेऊ नका.

राहिला वहिनींचा विषय, आणि तो मला तुमच्या चॅनलइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या गुगल खात्यात आधीपासून त्यांचं स्वतःचं काही चॅनल होतं का ते बघा, रेसिपीचं, भजनाचं, मुलांचं, काहीही. असेल आणि तेही बंद झालं असेल तर त्यांनी त्यांच्या खात्यातून वेगळं अपील करावं: हे जुनं चॅनल माझं आहे, अमुक तारखेला दिरासाठी याच खात्यात एक चॅनल उघडलं होतं, त्यांच्यावर बंदी असल्याचं किंवा असं करणं नियमात बसत नाही हे मला माहीत नव्हतं. "माझा त्यांच्याशी संबंध नाही" असं त्यांना लिहायला लावू नका. तुमचे व्हिडिओ त्यांच्या खात्यातून चढलेले आहेत, हे वाक्य लगेच खोटं पडेल. त्यांच्या मोबाइलवरून तुमची सगळी खाती लॉगआउट करा, त्यांच्या खात्याच्या रिकव्हरीत तुमचा नंबर टाकला असेल तर काढा, आणि पासवर्ड त्यांना स्वतःला बदलू द्या.